विझलेल्या निरांजनाचा उजेड

सावंतवाडीतल्या एका फोटो स्टुडिओत मी संगणकावर फोटो दुरुस्त करण्याचे काम शिकायला लागलो, तेव्हा पहिल्या महिनाभरात माझ्याकडे तुळशीच्या लग्नाचा एक फोटो आला. संधिप्रकाशात, अंगणातल्या वृंदावनापाशी एक आजी हातात आरतीचे ताट धरून उभ्या आहेत, त्यांच्या शेजारी सून आणि दोघींच्या थोडे मागे आजोबा आहेत. मात्र फोटो काढण्याच्या नेमक्या क्षणी समुद्रावरून आलेल्या वाऱ्याने निरांजन विझले होते. निरांजन पेटलेले दाखवावे आणि त्याचा उजेड चेहऱ्यांवर पडावा, एवढीच त्या घरच्यांची मागणी होती. मी अर्ध्या तासात एक पिवळीधमक ज्योत चिकटवली, सगळ्या फोटोवर केशरी रंगाचा थर चढवला आणि तयार फोटो दाखवला, तेव्हा सुनेने विचारले, "सगळ्यांका कावीळ झाली काय ओ?"

या कामात नव्याने पडणारा जवळजवळ प्रत्येकजण हीच चूक करतो. फोटोशॉपमध्ये Color Lookup या थराखाली Candlelight.CUBE नावाची तयार रंगछटा मिळते आणि तिच्यामुळे चूक अधिकच सोपी होते, कारण ती फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला सारखीच रंगवते. दिव्याचा उजेड तसा नसतो. तो एका बिंदूपासून निघतो, जवळच्या वस्तूवर भरपूर आणि दूरच्या वस्तूवर फारच थोडा पडतो, आणि आड काही आले की तिथे संपतो. माझे काम पाहून स्टुडिओचे मालक तात्या एवढेच म्हणाले, "उजेड खंय पडता तां आधी बघ. वात मागसून." त्यानंतर त्यांनी आतल्या खोलीतले दिवे घालवले, निरांजन पेटवून माझ्या हातात दिले आणि समोर आरसा धरला. तुम्हीही हा प्रयोग संगणकाला हात लावण्याआधी करावा. कोकणात पावसाळ्यात लाईट जाण्याची वाट फार काळ पाहावी लागत नाही.

आरशात पहिल्यांदा लक्षात येते ती दिशा. छातीपाशी धरलेल्या ताटातला उजेड खालून वर येतो, त्यामुळे हनुवटीचा खालचा भाग, नाकपुड्या, वरच्या ओठाच्या वरची जागा, गालांचा खालचा उतार आणि भुवयांच्या हाडाची खालची कड उजळतात, तर कपाळाचा वरचा भाग अंधारात राहतो आणि नाकाची सावली वरच्या बाजूला जाते. संध्याकाळी अंगणात काढलेल्या फोटोत मात्र उजेड आकाशाचा, म्हणजे वरून आलेला असतो, आणि त्यात नेमके उलटे घडलेले असते: कपाळ व नाकाचा कणा उजळ, डोळ्यांच्या खोबणी काळ्या. म्हणून आधीचा उजेड कमी केल्याशिवाय नवा उजेड बसतच नाही. हे मला कळायला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण उजेड वाढवायचा असताना सुरुवात अंधाराने करायची, हे मनाला पटत नाही.

दुसऱ्या वेळी मी तोच फोटो असा केला. सगळ्यात खाली मूळ फोटो ठेवला आणि त्यावर Curves चा, म्हणजे उजेडाचा चढउतार एका रेषेने ठरवणारा, एक थर घेऊन त्या रेषेचा मधला बिंदू 128 वरून 80 च्या आसपास खाली ओढला. फोटोचा रंग लाल, हिरवी आणि निळी अशा तीन वाहिन्यांतून बनतो; त्यांतली निळी वाहिनी मात्र इतरांपेक्षा थोडी कमी उतरवली, म्हणजे उरलेली संध्याकाळ निळसर राहते आणि दिव्याचा पिवळेपणा तिच्या शेजारी आपोआप उठून दिसतो. कपाळ आणि नाकाचा कणा यांवर आकाशाची चमक तरीही उरली होती, म्हणून तेवढ्यापुरता काळोख मऊ ब्रशने वेगळा वाढवला. आता फोटो तिन्हीसांजेनंतरचा दिसू लागला.

त्यानंतर उजेडाचा थर. तोही Curves चाच घेतला. त्यात लाल वाहिनी बरीच वर, हिरवी थोडी वर आणि निळी होती तिथेच ठेवली, मग थराचा मुखवटा, म्हणजे काळ्या जागी थर लपवणारा आणि पांढऱ्या जागी दाखवणारा पडदा, काळा करून, आरशात पाहिले होते त्या जागा मऊ ब्रशने, Flow म्हणजे ब्रशमधून एका वेळी उतरणारा रंग दहा टक्क्यांच्या आसपास ठेवून, हळूहळू पांढऱ्या केल्या. केशरी रंग थेट ब्रशने फासू नये, याचे कारण असे की फासलेला रंग त्वचेच्या वर बसून सुरकुत्या आणि छिद्रे झाकून टाकतो, तर Curves खालच्या त्वचेलाच उजळ करते, त्यामुळे तिचा पोत टिकून राहतो. लाल वाहिनी मात्र 255 ला, म्हणजे कमाल आकड्याला, टेकू देऊ नये. ती टेकली की गालावर सपाट केशरी डाग दिसू लागतो आणि तो नंतर काही केल्या निघत नाही.

आता कोणाच्या चेहऱ्यावर किती उजेड टाकायचा, हा प्रश्न. छोट्या दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो: अंतर दुप्पट झाले तर उजेड चौथा हिस्सा, तिप्पट झाले तर नववा. आमच्या फोटोत ज्योतीपासून आजींचा चेहरा अंदाजे एक हात, सुनेचा दोन हात आणि आजोबांचा तीन हात दूर होता, म्हणजे तिघांवरचा उजेड एकास पाव आणि एकनवमांश असा पडला असता. मात्र पडद्यावरचे आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात, त्यामुळे पाव उजेड म्हणजे पाव आकडा असे समजू नये. आजींच्या गालावर लाल वाहिनी 200 असेल, तर तशाच वर्णाच्या सुनेच्या गालावर ती 106 च्या आणि आजोबांच्या गालावर 74 च्या जवळपास येते, आणि त्यात संध्याकाळचा जो काही उजेड शिल्लक आहे त्याची थोडी भर पडते. हे आकडे Info च्या चौकटीत पाहता येतात. अगदी तंतोतंत जुळवण्याची गरज नाही, कारण वर्ण आणि गालाचा कोन यांमुळे फरक पडतोच. पण माझ्या पहिल्या प्रयत्नात तिन्ही चेहरे एकसारखे उजळले होते आणि फोटो खोटा वाटण्यामागे रंगापेक्षाही हे कारण मोठे होते.

रंगाबाबत थोडी तडजोड करावी लागते. मेणबत्तीच्या किंवा तेलातुपाच्या दिव्याच्या ज्योतीचे रंगतापमान सुमारे 1900 केल्विन असते आणि दिवसाच्या उजेडासाठी लावलेला कॅमेरा ते जसेच्या तसे टिपतो तेव्हा माणसे गडद केशरी दिसतात. आपला डोळा मात्र त्या उजेडाला सरावतो आणि आपल्याला आठवतो तो त्याहून सौम्य पिवळेपणा. मी ताटाजवळच्या आजींच्या पांढऱ्या पदराकडे पाहून ठरवतो: तो पिवळसर दिसावा पण पांढरा आहे हे ओळखू यावे, आणि त्याच पदराचा पाठीवरचा भाग निळसर राहावा.

"दिव्याखाली अंधार" ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो, पण या कामात ती अक्षरशः पाळावी लागते. निरांजनाची वाटी आणि ताट खाली जाणारा उजेड अडवतात, म्हणून ताटाचा तळ, त्याखालची बोटे आणि आजींच्या पोटावरच्या निऱ्या अंधारात हव्यात. ताटाच्या काठावर आलेले अंगठे मात्र चांगले उजळायला हवेत. सुनेच्या चेहऱ्याचा जो भाग आजींच्या खांद्याआड होता, तिथेही मुखवटा काळाच ठेवला. शेवटी बारीक चमक: डोळ्यांच्या बुबुळांत खालच्या अर्ध्या भागात एकेक लहान पिवळा ठिपका, नथीच्या मोत्यांवर टाचणीच्या टोकाएवढे बिंदू, आणि आजोबांच्या चष्म्याच्या काचेवर ज्योतीचे एक फिकट प्रतिबिंब. आकाशाची बुबुळातली जुनी पांढरी चमक पुसायला विसरू नये, नाहीतर डोळ्यांत दोन उजेड दिसतात. खालचा उजेड फार वाढवला, तर आजी दशावतारातल्या संकासुरासारख्या भासू लागतात. तेव्हा हनुवटीखालचा उजेड थोडा आखडता घेऊन गालांना जास्त द्यावा.

इथवर ज्योत अजून आलेलीच नसते. या टप्प्यावर मी सगळ्यांत वर Black & White चा थर ठेवून फोटो कृष्णधवल करून पाहतो. रंग गेल्यावरही दिवा कुठे आहे हे चेहऱ्यांवरून सांगता आले, तर काम बरोबर आहे. उजेड नाहीसाच झाला, तर आपण केवळ रंग चढवला होता असे समजावे. माझा कावीळवाला फोटो या कसोटीला लावला असता, चिकटवलेली ज्योत सोडली तर, मूळ फोटोपेक्षा वेगळा दिसलाच नसता.

ज्योतीसाठी मी Filter मधली तयार Flame वापरत नाही, कारण ती निरांजनापेक्षा होळीला शोभते. तुपाच्या फुलवातीच्या ज्योतीचा फोटो काळ्या कापडासमोर, कमी उजेड टिपून काढला आणि तो Screen या पद्धतीने वर ठेवला, की काळा भाग आपोआप नाहीसा होतो. ज्योत सगळीकडे सारखी पिवळी नसते: वातीपाशी ती निळसर आणि जवळजवळ पारदर्शक असते, मध्यभागी तापलेल्या काजळीच्या कणांमुळे पांढरटपिवळी आणि टोकाला केशरी. तिच्याभोवतीचे तेज दोन थरांत दिले: एक ज्योतीच्या तिप्पट रुंदीचे, दुसरे चेहऱ्याएवढे आणि अगदी फिकट, दोन्ही Linear Dodge (Add) पद्धतीने. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर अशा तेजाच्या पायऱ्या पडतात, म्हणून फाइल 16 बिटची ठेवावी आणि त्यावर किंचित दाणा टाकावा.

सगळेच फोटो या रीतीने जमत नाहीत. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोत चेहरा समोरून सपाट उजळलेला आणि मागच्या भिंतीवर कडक सावली पडलेली असते; ती सावली पुसून भिंत नव्याने घडवावी लागते, त्याचे पैसे वेगळे सांगावेत किंवा सरळ नाही म्हणावे. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो गडद करून पुन्हा उजळला की गालांवर चौकोन उमटतात, म्हणून मूळ फाइल मागून घ्यावी. गडद फोटो कागदावर पडद्यापेक्षा आणखी काळा येतो; मोठी प्रत काढण्याआधी 4×6 ची एक प्रत काढून ती साध्या खोलीतल्या उजेडात पाहावी.

मी ती छोटी प्रत घेऊन त्यांच्या घरी गेलो. सुनेने या वेळी काही हरकत घेतली नाही. आजींनी मात्र ती खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "त्या दिसा वारो सुटलेलो मा रे, मगे वात सरळ कशी?" फोटोत त्यांचा पदर डावीकडे उडत होता आणि माझी ज्योत बंद खोलीतल्यासारखी ताठ उभी होती. परत येऊन मी Warp ने तिचे टोक डावीकडे कलवले, तिच्याबरोबर तेजही थोडे सरकवले, आजींच्या त्या बाजूच्या गालावरचा मुखवटा किंचित वाढवला आणि मग मोठी प्रत छापायला दिली.