मेसेजवर बोलका, भेटीत गप्प

मेसेजमध्ये सतत हसवणारी व्यक्ती पहिल्या भेटीत गप्प बसली, तर आपल्याला फसवलं असं लगेच समजू नका. मेसेज लिहिताना विचार करायला, खोडून पुन्हा लिहायला वेळ मिळतो. समोरासमोर मात्र एकाचं बोलणं संपल्यावर दुसऱ्याने सुरुवात करायला सरासरी सेकंदाचा पाचवा भागच जातो. ज्याचा विनोद शब्द निवडून येतो, त्याची इथे कोंडी होते.

‘चॅटवर तर किती बोलतोस!’ हे वाक्य कटाक्षाने टाळा. त्याने माणूस आणखी मिटतो. त्यापेक्षा टेबलावरून उठा आणि चालायला लागा. शेजारी शेजारी चालताना नजरेचा ताण कमी होतो, आणि मधली शांतता खटकत नाही.

मग जुन्या मेसेजमधला एखादा अर्धवट धागा काढा. समजा, त्याने खिडकीत येऊन बसणाऱ्या मांजराबद्दल लिहिलं होतं. ‘ते मांजर आता घरात शिरतं का?’ असं विचारा. ‘आणखी काय चाललंय?’ यापेक्षा याचं उत्तर देणं सोपं, कारण विषय त्याचाच आहे. उत्तर आलं नाही तर चार-पाच सेकंद थांबा, मधली जागा स्वतः भरू नका. मला हेच सगळ्यात अवघड वाटतं.

बुजरेपणा आणि नावड यांतला फरक बहुधा नंतर कळतो. बुजलेला माणूस घरी पोचल्यावर भेटीतलाच एखादा तपशील धरून मेसेज करतो. उत्तरं तुटक झाली, पुढच्या भेटीचं टाळलं जाऊ लागलं, तर आग्रह करू नका.