सॉल्ट अँड पेपर नॉइज आणि ३×३ चा मास्क: या चुका टाळा

"सर, फिल्टर लावला, पण ठिपके गेलेच नाहीत. उलट पसरले." प्रोजेक्टच्या दिवसांत ही तक्रार लॅबमध्ये इतक्या वेळा येते की मी आता कोड उघडतही नाही. सरासरीचा मास्क लावलेला असतो, म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या जागी त्याच्याभोवतीच्या तीन बाय तीनच्या खिडकीतल्या नऊ आकड्यांची सरासरी ठेवलेली असते, दुसरं काही नसतं. सिलॅबसमध्ये तो आधी येतो, कोड सोपा असतो आणि पोरांना घाई असते.

सॉल्ट अँड पेपर नॉइजमध्ये बहुतेक पिक्सेल ठणठणीत असतात. मधूनच एखादा थेट २५५ होतो, म्हणजे पांढरा, नाहीतर ० होतो, म्हणजे काळा. बिघडलेल्या पिक्सेलमध्ये मूळ रंगाचा मागमूस उरत नाही. आता कागद घ्या आणि एका ठिपक्याभोवतीचे नऊ आकडे मांडा:

```
102  98 101
100 255  99
 97 103 100
```

बेरीज १०५५. नऊने भागलं की ११७. आजूबाजूला सगळं शंभरच्या आसपास असताना मधे ११७ आला. बरं, एवढ्यावर भागत नाही. तो २५५ शेजारच्या आठही पिक्सेलांच्या खिडकीत येतो, त्यामुळे तेही प्रत्येकी सतराएक अंकांनी उजळतात. एका पिक्सेलचा टोचणारा ठिपका जाऊन तिथे तीन बाय तीनचा फिकट डाग बसतो. पोरं म्हणतात ते बरोबर आहे, ठिपका पसरलाच.

आता तेच नऊ आकडे चढत्या क्रमाने लावा: ९७, ९८, ९९, १००, १००, १०१, १०२, १०३, २५५. पाचवा आकडा १००, तोच मेडियन. २५५ रांगेच्या शेवटी जाऊन बसला आणि त्याला कुणी विचारलंच नाही. त्याच्या जागी ० असता तर तो रांगेच्या सुरुवातीला बसला असता, उत्तर तेव्हाही शंभराच्या आसपासच आलं असतं. म्हणून या नॉइजला मेडियन. सरासरी कामाची ठरते ती गॉसियन नॉइजला, जिथे प्रत्येकच पिक्सेल थोडाथोडा वरखाली झालेला असतो. तिथे नऊ जणांची सरासरी नॉइजचा पसारा साधारण एक तृतीयांशावर आणते. कुठला नॉइज आहे हे न बघता मास्क निवडणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, हा कागद पुढे सरकवतो.

आता माझ्या डोक्यात जाणारी दुसरी चूक. मेडियन चांगला म्हणून तो तीन-चारदा फिरवायचा. एका ग्रुपकडे मराठवाड्यातल्या तालुक्यांच्या यादीचा जुना, कमी रिझोल्यूशनचा स्कॅन होता, कागदभर काळे ठिपके. मेडियन एकदा लावला, दोन-चार ठिपके राहिले, म्हणून पुन्हा लावला, मग पुन्हा. पान इतकं स्वच्छ झालं की पोरं खूश. पुढे मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने वाचलं: अबड, कळब, परडा, नादेड. दोन दिवस ती सॉफ्टवेअरच्या मराठीला शिव्या देत बसली. सॉफ्टवेअरचा काही दोष नव्हता. अंबडपासून नांदेडपर्यंतचे अनुस्वार मेडियनने खाल्ले होते.

कसे, ते मोजून बघता येतं. त्या स्कॅनमध्ये अनुस्वार जेमतेम तीन बाय तीन पिक्सेलचा होता. त्याच्या कोपऱ्यातल्या पिक्सेलवर मास्क ठेवला तर नऊपैकी चारच पिक्सेल काळे, पाच पांढरे. मेडियन पांढरा, कोपरा गेला. चारही कोपरे असेच जातात आणि पहिल्या फेरीनंतर अधिकचं चिन्ह उरतं, पाच पिक्सेलचं. दुसऱ्या फेरीत त्याच्या प्रत्येक टोकाच्या खिडकीत पुन्हा चारच काळे, म्हणून टोकं गेली आणि मधला एकटा पिक्सेल राहिला. तिसऱ्या फेरीत तोही गेला. अनुस्वार दोन बाय दोनचा असेल तर पहिल्याच फेरीत साफ, कारण खिडकीत चारापेक्षा जास्त काळे कधी येतच नाहीत. शिरोरेषेचंही तसंच. एका पिक्सेलची असेल तर नऊपैकी तीनच काळे, अख्खी रेघ पुसली जाते. दोन पिक्सेलची असेल तर सहा काळे मिळतात आणि ती टिकते. मेडियनला अनुस्वार आणि घाण यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त खिडकीतलं बहुमत कळतं.

माझी सवय अशी: मेडियन एकदाच, आणि लगेच काय निघून गेलं ते बघायचं.

```python
import cv2
img = cv2.imread('scan.png', 0)
out = cv2.medianBlur(img, 3)
cv2.imwrite('gele.png', cv2.absdiff(img, out))
```

`gele.png` मध्ये ठिपके विखुरलेले दिसले तर ठीक. त्यात अक्षरांच्या कडा, मात्रा किंवा अनुस्वार ओळीने दिसायला लागले की मास्क मजकूर खातोय. मग कोडशी खेळत बसू नका, कागद जास्त रिझोल्यूशनला परत स्कॅन करा. अनुस्वार सात-आठ पिक्सेल रुंद झाला की ३×३ चा मेडियन त्याचे कोपरे तेवढे घासतो. त्या ग्रुपलाही शेवटी हेच करावं लागलं. स्कॅनरपर्यंत परत जायचा कंटाळा त्यांना आधी दोन दिवसांना पडला होता.

तिसरी चूक स्वतः लूप लिहिणाऱ्यांची. `out = img` लिहितात आणि समजतात की नवी प्रत झाली. पायथनमध्ये ते त्याच चित्राचं दुसरं नाव असतं, त्यामुळे पुढच्या खिडकीत आधीच बदललेले पिक्सेल येतात. `out = img.copy()` लिहा. शंका असेल तर काळ्या चित्रात मधोमध एकच २५५ ठेवा आणि सरासरी चालवा. बरोबर कोड सगळीकडे २८ चा तीन बाय तीनचा चौकोन देतो. चुकलेल्या कोडमध्ये त्याची वरची ओळ २८, ३१, ३१, ३ अशी येते, म्हणजे ठिपक्याला उजवीकडे शेपूट फुटते. खऱ्या फोटोत हे पटकन दिसत नाही, या चाचणीत लपत नाही.

बाकीच्या चुका उभ्याउभ्या सांगतो. आठ बिटांच्या अॅरेचे तुकडे थेट एकमेकांत मिळवले तर वरची १०५५ ही बेरीज २५६ चे वेढे घेऊन ३१ होते आणि सरासरी ३ येते, म्हणून आधी `astype(int)` करा. मॅटलॅबचा `medfilt2` काही न सांगता चित्राबाहेर शून्यं भरतो. कोपऱ्याच्या खिडकीत मग पाच शून्यं येतात आणि चारही कोपरे काळे पडतात. त्याला `'symmetric'` द्या. नॉइज असलेलं चित्र जेपेगमध्ये ठेवू नका, दाबताना ठिपक्यांच्या भोवती राख उडते आणि मग मेडियनलाही ती नीट झाडता येत नाही.

आणि नॉइज किती आहे ते बघा. दहा टक्के पिक्सेल बिघडलेले असतील तर ३×३ ला एकाच खिडकीत पाच पांढरे किंवा पाच काळे क्वचितच भेटतात. पन्नास टक्क्यांवर, पांढरे-काळे निम्मेनिम्मे धरले, तर दर दहा पिक्सेलांमागे साधारण एक नॉइज म्हणूनच बाहेर पडतो. तिथे ५×५ घ्या, नाहीतर गरजेप्रमाणे खिडकी वाढवणारा अॅडॅप्टिव्ह मेडियन लिहा. ५×५ घेतला तर मात्र बहुमत तेराचं लागतं, म्हणजे तीन बाय तीनचा अनुस्वार पहिल्याच फेरीत जाणार हे धरून चाला.