क्लायंटला दिवाळी हॅम्पर पाठवताय? आधी या चुका टाळा

आमच्या ऑफिसात दर दिवाळीला चाळीसेक हॅम्पर जातात आणि ती जबाबदारी माझ्याकडे असते, त्यामुळे चुकाही माझ्याच.

पहिली चूक बजेटची. एका हॅम्परला हजार रुपये ठरले की आपण हजाराच्या वस्तू शोधायला लागतो. पण मॅग्नेटवाला कडक बॉक्स २२०, आतला कागदाचा चुरा आणि रिबन ४०, कार्ड १५, कुरियर १३०, म्हणजे ४०५ खाण्याआधीच गेले आणि आत उरलं ५९५ चं सामान. शिवाय गिफ्टवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळत नाही, तो पण खर्चातच धरा. आम्ही मागच्या वेळी ७० रुपयांचा साधा छापील पुठ्ठ्याचा बॉक्स घेतला, दीडशे रुपये थेट आतल्या वस्तूंना मिळाले आणि बॉक्स साधा आहे असं एकानेही म्हटलं नाही.

दुसरी चूक मला चांगलीच महागात पडली. पाकिटावर हिरवा ठिपका बघितला आणि मी निर्धास्त. हॅम्परमध्ये लसणीचा चिवडा, बटाट्याचे वेफर्स आणि मधाची बाटली. क्लायंट जैन!! हिरवा ठिपका फक्त शाकाहारी एवढंच सांगतो हो, कांदा लसूण बटाटा त्यात बसतोच, आणि मध जैन लोक बहुतेक खात नाहीत पण त्यालाही हिरवाच ठिपका असतो. त्यांच्या ऑफिसातल्या मॅडमनी फोनवर फक्त "सरांनी स्टाफला वाटून टाकलं" एवढं सांगितलं, मला काय ते कळलं. आता मी मागची बाजू वाचते, घटकांच्या यादीत कांदा लसूण पावडर मसाल्याच्या कंसात लपलेली असते. कोण काय खातं माहीत नसेल तर सगळ्यांनाच साधे खारे काजू, बदाम, चहा असलं काहीतरी. आणि डायबेटिसवाल्यांसाठी म्हणून खजूर अंजिराचे रोल पाठवू नका, 'नो अ‍ॅडेड शुगर' लिहिलं तरी खजुराची साखर आहेच की, त्यापेक्षा भाजलेले मखाणे बरे.

आता डुप्लिकेट. काजूकतली आणि सोनपापडी त्यांच्याकडे दहा ठिकाणांहून येणारच, आपली अकरावी. पण खरी फजिती एकाच कंपनीत तीन जणांना पाठवताना होते, मालक, परचेस आणि अकाउंट्स, तिघांच्या टेबलावर तीच मेणबत्ती, किंवा त्याहून वाईट म्हणजे मालकाचा बॉक्स मोठा आणि परचेसवाल्याचा छोटा, दोघं शेजारी बसतात. म्हणून मी शीटमध्ये आधी कंपनीच्या नावाने सॉर्ट मारते, मग व्यक्ती. एका ऑफिसात बॉक्स एकाच साइजचे, आतली एक वस्तू वेगळी. आणि मागच्या दोन वर्षांत काय पाठवलं त्याचे कॉलम शेजारीच ठेवते, नाहीतर व्हेंडर तोच कप परत गळ्यात मारतो, यंदा फक्त रंग बदललाय म्हणे.

कुरियर वसुबारसेच्या किमान आठवडाभर आधी काढा, ऑफिसं बंद झाली की बॉक्स गोडाऊनमध्ये पडून राहतात आणि भाऊबीजेनंतर फोन येतो, पार्सलमधून तेलाचा वास येतोय.