हवा दमट होण्यापूर्वी जुन्या घराच्या वायरिंगची मेगरने तपासणी कशी करावी

वायरीवरचे आवरण जुने झाले की ते कडक होते, त्याला तडे जातात आणि हवेतला दमटपणा त्या तड्यांत शिरून विजेला अर्थिंगकडे किंवा ओल्या भिंतीकडे गळायला वाट देतो. हे आवरण किती रोध करते, ते मेगर मोजतो. साध्या मल्टिमीटरने हे काम होत नाही, कारण तो जेमतेम काही व्होल्टवर मोजतो. २३० व्होल्टच्या वायरिंगसाठी मेगर ५०० व्होल्ट डीसी दाब देतो आणि कमकुवत जागा या दाबाखालीच उघडी पडते. बोर्ड उघडून करायचे हे काम असल्यामुळे ते जाणकार वायरमनकडून किंवा त्याच्या देखरेखीखालीच करावे.

आधी मेन स्विच बंद करून तो कोणी चुकून चालू करणार नाही अशी व्यवस्था करावी आणि दोन टोकांच्या व्होल्टेज टेस्टरने फेज, न्यूट्रल व अर्थिंग यांच्यात कोठेही दाब नाही याची खात्री करावी. मेन स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो की नाही, हे येथेच पाहावे; तो फक्त फेज तोडत असेल, तर न्यूट्रल पुरवठ्याच्या बाजूने अर्थिंगशी जोडलेलाच राहतो आणि वायरिंग चांगले असूनही आकडा शून्याजवळ दिसतो. अशा वेळी घराकडे जाणारा न्यूट्रलही सोडवून घ्यावा लागतो.

त्यानंतर सर्व उपकरणांचे प्लग काढावेत, दिवे होल्डरमधून काढावेत आणि पंख्याचे रेग्युलेटर, डिमर, सर्ज संरक्षक, आरसीसीबी यांसारखे भाग सोडवून ठेवावेत. दिव्यांचे आणि पंख्यांचे स्विच मात्र चालू ठेवावेत. हे अनेकदा राहून जाते. स्विच बंद असेल, तर त्यापासून दिव्यापर्यंत जाणारी वायर तपासणीतून सुटते. जिन्यासारख्या ठिकाणचा टू-वे स्विच दोन्ही स्थितींत तपासावा.

मेगरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्यावर शून्य आणि वेगळ्या केल्यावर कमाल आकडा दिसला, म्हणजे मेगर व त्याच्या वायरी ठीक आहेत. मग फेज व न्यूट्रल एकत्र जोडून अर्थिंगशी मोजावे. या जोडणीत फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये दाब येत नाही, त्यामुळे एखादे इलेक्ट्रॉनिक उपकरण नजरचुकीने जोडलेले राहिले असले तरी ते बिघडण्याची शक्यता कमी असते. फेज ते न्यूट्रल हे मोजमाप त्यानंतर, सारे काही सोडवल्याची खात्री करूनच घ्यावे. येथे आकडा काही शे किलोओहमवर अडकला, तर आधी स्विचबोर्डावरच्या इंडिकेटर दिव्यांचा संशय घ्यावा. प्रत्येक वेळी आकडा स्थिर होईपर्यंत, साधारण एक मिनिट, दाब द्यावा, तेवढ्या काळात वायरींना कोणीही हात लावू नये आणि बटण सोडल्यावर वायरिंगमध्ये साठलेला दाब उतरेपर्यंत पिना काढू नयेत.

आंतरराष्ट्रीय मानकानुसार अशा वायरिंगचा रोध किमान १ मेगोहम असावा लागतो. समजा, संपूर्ण घराचा आकडा ०.८ मेगोहम आला. सर्व सर्किट समांतर असल्यामुळे एकूण आकडा सर्वांत वाईट सर्किटपेक्षाही थोडा कमीच येतो, म्हणून एकट्या या आकड्यावरून घरभरची वायरिंग बदलायचा निर्णय घेऊ नये. प्रत्येक सर्किटचा फेज आणि न्यूट्रल मुख्य बोर्डातून सोडवून ते वेगळे मोजावे. त्यात ५०, २०, १०० आणि ०.८५ मेगोहम असे आकडे आले, तर दोष चौथ्या सर्किटमध्येच आहे. त्या सर्किटचा मधला जंक्शन बॉक्स उघडून पुढचा भाग तोडावा. आता बोर्डाकडचा भाग ६० मेगोहम आणि पुढचा ०.८६ दाखवत असेल, तर दोष पुढच्या भागात आहे. असे निम्मे-निम्मे करत गेले की शोध बहुधा बाहेरच्या दिव्याच्या होल्डरपाशी किंवा ओल धरणाऱ्या भिंतीतल्या जोडापाशी येऊन थांबतो.

कोरड्या दिवसांतल्या चांगल्या आकड्यावर मात्र पूर्ण विसंबू नये. तडा गेलेल्या रबरी आवरणातली कोरडी हवाही चांगला रोध करते, म्हणून मेगर ५० मेगोहम दाखवतो आणि ओल आल्यावर तीच जागा गळू लागते. यासाठी दोन-चार होल्डर व स्विच उघडून वायरीची टोके डोळ्यांनी पाहावीत. हलकेच वाकवल्यावर आवरणाचे तुकडे पडत असतील, तर आकडा कितीही असो, ती वायर बदलावी. प्रत्येक सर्किटचा आकडा तारखेसह बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा आणि हवा दमट झाल्यावर पुन्हा मोजावे. ८० मेगोहमचे ६ झाले असतील, तर सर्किट किमान मर्यादेच्या वर असूनही त्याचे होल्डर आणि जोड त्याच आठवड्यात उघडून पाहावेत.