आतेभाऊ, मामेभाऊ आणि मोबाईलवरचा डाव : कथा लिहिताना या चुका टाळा

दोन शहरांत राहणारे भाऊ रोज संध्याकाळी मोबाईलवर एकच खेळ खेळतात, अशा कथा मी काही वर्षे दिवाळी अंकासाठी वाचत आलो आहे, आणि त्यांतल्या बहुतेक कथांत खेळच नसतो. ‘दोघे तासभर खेळले’ एवढे लिहून लेखक मोकळा होतो आणि लगेच आठवणींकडे वळतो.

खेळ लुडो असेल, तर सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर येत नाही आणि उघड्या घरातली एकटी सोंगटी मारता येते, हे दोन नियम पुरेसे आहेत. नागपूरच्या थोरल्याला चार पडले आहेत, बरोबर चार घरांवर पुण्याच्या धाकट्याची सोंगटी उभी आहे, आणि थोरला ती न मारता आपली दुसरीच सोंगटी सरकवतो. धाकट्याच्या वडिलांची नोकरी गेल्याचे थोरल्याला कळले आहे, हे वाचकाला येथेच उमजते. दोन महिन्यांनी त्यांना काम मिळाल्यावर थोरला तशीच सोंगटी बिनदिक्कत मारतो, तेव्हा वेगळा संवाद लिहावा लागत नाही. असा प्रसंग लिहिताना मी खरा पट मांडून घरे मोजतो. नवोदितांना एवढाही धीर नसतो.

नात्याला ‘कझिन’ म्हणून सोडून देऊ नये. चुलतभावांमध्ये सहसा एक आडनाव आणि पुष्कळदा वाटणीचे घर असते, तर आतेभाऊ-मामेभावांमध्ये आजोळ असते. एकाचे ते आजोळ असते आणि दुसऱ्याचे राहते घर.

एक भाऊ दुबईत असेल, तर तेथील घड्याळ दीड तास मागे असते, हे विसरू नये. शेवटी अपघात घडवून एकाला कायमचे ‘ऑफलाईन’ करू नये. ही युक्ती आता माझ्याच्याने वाचवत नाही.

सालाची चूक मात्र मला स्वतःला भोवली आहे. एका कथेत दोन भाऊ २०२० च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या रात्री, पबजी खेळत होते, आणि मी ती तशीच छापली. एका शाळकरी वाचकाने पत्रातून कळवले की, २ सप्टेंबर २०२० रोजी खेळावर भारतात बंदी आली, फोनमध्ये आधीपासून असलेला खेळही ३० ऑक्टोबरला बंद पडला, आणि त्या वर्षीचे लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला होते. भारतासाठीची नवी आवृत्ती जुलै २०२१ मध्ये आली. ‘वाचक एवढे बघत नाहीत,’ असे लेखक म्हणाला. बघणाऱ्याचे पत्र मी त्याच्यापुढे ठेवले. पुढे संग्रहासाठी त्याने कथा पुन्हा लिहिली. तिच्यात खेळ बंद झालेला आहे, दोघे ठरलेल्या वेळी नुसता फोन करतात, आणि चौथ्या मिनिटाला बोलण्यासारखे काही उरत नाही.