पावसाआधी घराची परीक्षा: बादलीभर पाणी आणि एक अंधारी संध्याकाळ

मे महिन्याच्या मध्यावर, बाहेर रणरणतं ऊन असताना, मी घरात स्वतःच पाऊस पाडते. गच्चीवर पाणी तुंबवते, निचऱ्याच्या तोंडाशी बादल्या ओतते, एका संध्याकाळी घरातले दिवे बंद ठेवते आणि कागदपत्रांची पिशवी टबात बुडवून बघते. पूर्वी मी फक्त वस्तूंची यादी करायचे. मग एका जूनमध्ये बाहेरच्या खोलीतल्या पंख्याच्या हुकातून पाणी टपकायला लागलं. टॉर्च शोधला, तर त्यातले सेल गळून आत हिरवट थर बसला होता. यादीत मात्र टॉर्चवर बरोबरची खूण होती.

ही सगळी परीक्षा मृगाच्या निदान तीन आठवडे आधी घ्या. गळती सापडली तर दुरुस्तीचा मसाला सुकायला, वर लेप द्यायला आणि पुन्हा तपासायला तेवढा वेळ लागतोच.

गळती: डाग एकीकडे, भेग दुसरीकडे

आधी घरातले सगळे डाग बघा. प्रत्येक डागाची कड पेन्सिलीने आखून शेजारी तारीख लिहा आणि हात लावून बघा. ऐन मे महिन्यात डाग ओलसर लागला, तर तो पावसाचा नाही. तिथे नळाचा पाइप, सांडपाण्याचा पाइप किंवा वरच्या न्हाणीघराची फरशी गळते आहे, आणि गच्चीवर कितीही लेप दिला तरी तो डाग जाणार नाही. आता कोरडा आणि पावसात ओला होतो, तो डाग छपराचा किंवा बाहेरच्या भिंतीचा.

आमचा डाग पंख्याभोवती होता, म्हणून आधी मी पंख्याच्या बरोबर वरच्या जागी लेप लावून घेतला. पुढच्या पावसात पाणी पुन्हा तिथूनच आलं. मिस्त्रींनी सांगितलं, "ताई, पाणी स्लॅबमधल्या वायरिंगच्या नळीतून वाट काढतं. जिथं नळी उघडी पडते तिथं टपकतं. भेग कुठंही असेल." म्हणून भेग शोधायची तर वर पाणी तुंबवूनच.

अख्खी गच्ची भरायची गरज नाही. मे महिन्यात तेवढं पाणी वाया घालवणंही बरं नाही. संशयाच्या जागेभोवती चिकणमातीचा बांध घाला. दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद चौकोनात अडीच सेंटिमीटर पाणी उभं करायला १०० लिटर, म्हणजे दहा बादल्या लागतात. एका चौरस मीटरवर २५ किलो वजन येतं, ते चांगल्या स्लॅबला जड नाही. पण स्लॅबच्या खालच्या बाजूने सळया उघड्या पडल्या असतील, पोपडे सुटत असतील किंवा स्लॅब मध्ये खचलेला दिसत असेल, तर पाणी तुंबवू नका. आधी जाणकार अभियंत्याला दाखवा.

उन्हात पाणी आटतंही. मग उतरलेलं पाणी गळलं की वाफ होऊन गेलं, हे कसं ओळखायचं? बांधाशेजारी एक पसरट परात तेवढ्याच पाण्याने भरून ठेवा आणि २४ तासांनी दोन्हीकडे पट्टी बुडवून मोजा. आम्ही दोन बांध घातले होते, एक पंख्याच्या वर आणि एक तिथून तीन मीटरवर कठड्याला लागून. दुसऱ्या दिवशी परातीतलं पाणी ८ मिलिमीटर उतरलं होतं. पंख्यावरच्या बांधातलंही जवळपास तेवढंच. कठड्याजवळचं मात्र १९ मिलिमीटर. त्याच संध्याकाळी खाली पंख्याचा हुक ओला झाला. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथे सिमेंटची गोलाई केलेली असते, तिला मिस्त्री वाटा म्हणतात. त्या वाट्यात एक केसासारखी भेग होती. गच्ची उन्हाने ताणते आणि कठडा वेगळा हलतो, म्हणून बहुतेक वेळा याच जागी तडा जातो. तुमच्याकडे शोध इथूनच सुरू करा.

दुरुस्ती करताना भेगेवर नुसता लेप फासू नका. सैल गिलावा काढून भेग थोडी रुंद करा, तारेच्या ब्रशने धूळ घालवा आणि पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला दाबून भरा. तो पाकिटावर दिलेल्या मुदतीपर्यंत सुकू द्या. मग जलरोधक लेपाचे दोन हात द्या, दुसरा पहिल्याला आडवा. ओल्या पृष्ठभागावर लेप धरत नाही. खात्री करायला फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतल्या बाजूला थेंब दिसले तर आणखी थांबा. आतल्या छतावर रंग मारून डाग झाकायची घाई तर मुळीच नको, आत अडकलेली ओल त्याला फुगे आणते.

कौलारू घर असेल तर भर दुपारी आत उभं राहून वर बघा. जिथून उजेडाचा ठिपका दिसतो तिथून पाणी येणार. पत्र्याच्या छपरात बहुधा हुकावरचे रबरी वॉशर तडकलेले असतात, ते बदलावे. पत्र्यावर थेट पाय देऊ नका, खालच्या वाशांच्या रेषेत फळी टाकून तिच्यावरूनच चाला. मधल्या मजल्यावरच्या घरात खिडक्यांची परीक्षा घ्या. बाहेरून पाइपने पाणी मारताना खालून सुरुवात करून वर जा. आधीच वर मारलं तर ओघळ सगळीकडे जातो आणि कुठली फट गळते ते कळत नाही.

निचरा: मिनिटाला किती बादल्या?

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तासाला ६० मिलिमीटरची सर आली, तर ५० चौरस मीटरच्या गच्चीवर मिनिटाला ५० लिटर पाणी जमतं, म्हणजे पाच बादल्या. निचऱ्याला एकच तोंड असेल तर त्याला एवढं पाणी पेलायला हवं. दोघांनी मिळून भरलेल्या पाच बादल्या तोंडाजवळ एका मिनिटात ओता. पाणी तोंडाशी साचून राहिलं, गुडगुडत हवा वर आली किंवा खाली पाइपच्या सांध्यातून भिंतीवर ओघळ आला, तर आत काहीतरी अडकलं आहे. खाली एक माणूस उभा ठेवा. बाहेर पडणारी धार बारीक असेल तर ते त्यालाच आधी दिसतं.

सपाट जाळी एका पानाने किंवा प्लास्टिकच्या पिशवीने बंद होते. घुमटासारखी उंच जाळी बसवली, तर खाली पानं साचली तरी पाणी वरच्या भोकांतून जातं. अडकलेला कचरा हाताने, बांबूच्या कांबीने किंवा लवचिक तारेने काढा. ॲसिड ओतू नका, त्याने पाइप आणि सांधे खराब होऊ शकतात. बाहेरच्या गटाराच्या चेंबरमध्ये तर कोणालाही उतरवू नका, आपल्या ओळखीच्या माणसालाही नाही. तिथला विषारी वायू काही श्वासांत माणूस पाडतो.

तळमजल्यावर राहणाऱ्यांना आणखी एक धोका असतो. बाहेरचं गटार तुंबलं की पाणी न्हाणीच्या तोंडातून उलटं वर येतं. एका जाड पिशवीत वाळू भरून, तोंड घट्ट बांधून न्हाणीजवळ ठेवून द्या. पाणी उलटं येऊ लागलं की ती तोंडावर दाबून बसवता येते.

एक संध्याकाळ विजेविना

एका संध्याकाळी सात वाजता मेन स्विच बंद करा आणि दोन तास तसंच राहा. त्याआधी विजेच्या बोर्डावरच्या, वीज गळू लागताच ती तोडणाऱ्या गळती-रोधक स्विचचं चाचणीचं बटण दाबा. स्विच खटकन पडला पाहिजे. पडला नाही, तर इलेक्ट्रिशियनला बोलवायचं काम सगळ्यांत आधी करा, कारण ओल्या भिंतीच्या घरात जीव वाचवणारं साधन तेच आहे.

अंधारात टॉर्च किती वेळात हाताला लागतो ते बघा. आमच्याकडे तो आता दाराच्या मागे खिळ्यावर असतो, आणि सेल वेगळ्या डबीत असतात. चार्जिंगचा टॉर्च पूर्ण चार्ज करून लावून ठेवा आणि मंद व्हायला किती तास लागतात ते त्यावरच लिहा. कपाळाला बांधायचा एक दिवा जरूर घ्या. पाणी उपसताना किंवा मुलाला उचलताना दोन्ही हात मोकळे लागतात. मेणबत्ती मी ठेवत नाही. अंधारात, घाईत, पडद्याजवळ ती नको.

त्याच दोन तासांत गॅसही न पेटवता जेवून बघा. कोरड्या खाऊच्या साठ्यातलं काय खरंच पोट भरतं ते लगेच कळतं. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा साठ्यात निम्मी पाकिटं शिजवायला लागणाऱ्या शेवयांची होती आणि उरलेलं फरसाण, जे खाऊन तहान वाढते. आता फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, चुरमुरे, गूळ, खजूर आणि भिजवून खाता येतील असे पातळ पोहे ठेवतो. मोठा डबा एकदा उघडला की पावसाळी हवेत सगळं सादळतं, म्हणून एका वेळेपुरत्या पुड्या बांधून त्या डब्यात भरा. चार माणसांना तीन दिवसांसाठी, माणशी रोज तीन लिटर धरून, ३६ लिटर प्यायचं पाणी लागतं. रोजची औषधं आठवडाभराची याच डब्याजवळ.

कागदपत्रं: पिशवी बुडवून बघा

दोन झिपच्या पिशव्या, एकात एक. आधी आत कागदपत्रांऐवजी टिश्यू पेपरची घडी ठेवा, हवा काढून झिप बंद करा आणि वर दगड ठेवून अर्धा तास टबात बुडवा. टिश्यू कोरडा राहिला तरच पिशवी पास. आमच्या पहिल्या तीनपैकी एकच पास झाली, बाकीच्या दोघींच्या झिपच्या कोपऱ्यातून पाणी शिरलं.

पिशवीत मालमत्तेचे कागद, विम्याची पॉलिसी, जन्मदाखले, शाळेचे दाखले असावेत. शाईच्या पेनाने लिहिलेलं आणि इंकजेटवर छापलेलं पाण्यात फुटतं, ते कागद सर्वांत आतल्या बाजूला ठेवा. मूळ दस्तांना लॅमिनेशन करू नका, कडेतून पाणी शिरलं तर ते वाळवताही येत नाहीत. पिशवी कपाटाच्या तळाच्या खणात किंवा गळक्या छताखालच्या माळ्यावर नको, डोक्याच्या उंचीच्या फळीवर ठेवा. डिजिलॉकरमध्ये सरकारी खात्याने थेट दिलेले दाखले मूळ कागदाच्या बरोबरीचे मानले जातात. आपण स्वतः फोटो काढून चढवलेल्या प्रतीला तो दर्जा नसतो, म्हणून कुठला कागद कशा प्रकारे तिथे आहे ते आताच बघून घ्या.

एवढं करूनही कागद भिजलेच, तर चिकटलेली पानं ओढून सोडवू नका आणि उन्हातही टाकू नका. सावलीत, पंख्याखाली, मध्ये टीपकागद घालून वाळवा. दोन दिवसांत बुरशी धरू लागते. गठ्ठा मोठा असेल तर तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि थोडे थोडे कागद काढून वाळवा.

पहिली मोठी सर थांबली की छताकडे एकदा बघा. पेन्सिलीच्या रेषेबाहेर ओल आली असेल, तर आजची तारीख घालून नवी रेषा ओढा.