केवल मूल्याची असमानता: फोटोपासून संख्यारेषेपर्यंत

वहीतल्या गणिताचा फोटो काढला की फोटोमॅथसारखे अॅप काही सेकंदांत पायऱ्यांसकट उत्तर दाखवते. साध्या समीकरणात सहसा अडचण येत नाही. केवल मूल्याच्या असमानतेत मात्र चूक बहुतेक वेळा गणित वाचतानाच होते, आणि मग चुकीच्या गणिताचे अगदी बरोबर उत्तर समोर येते. ते कसे ओळखायचे आणि अंतिम उत्तर संख्यारेषेवर कसे मांडायचे, हे एकाच उदाहरणावर पाहू:

9 − 2|x − 3| ≥ 1

फोटो काढण्याआधी

गणित कोऱ्या कागदावर लिहा. चौकटीच्या वहीत छापलेल्या उभ्या रेघा आणि केवल मूल्याच्या रेघा एकमेकींत मिसळतात. केवल मूल्याच्या रेघा अंकांपेक्षा उंच काढा, म्हणजे ओळीच्या वर आणि खाली थोड्या डोकावतील. त्या सरळ हव्यात, कारण जरा वाकल्या तरी कंस वाटतात. 2 आणि पहिली रेघ यांच्यात थोडी जागा सोडा. ≥ मधली खालची रेघही ठळक हवी. फिकट पेन्सिलीत हीच रेघ सर्वांत आधी हरवते.

फोन कागदाला समांतर धरा, हाताची सावली पडू देऊ नका आणि चौकट फक्त या एका ओळीभोवती आवळा. प्रश्नाचा क्रमांक चौकटीत आला तर तोही गणिताचा भाग होऊन बसतो.

अॅपने काय वाचले?

उत्तराकडे पाहण्याआधी अॅपने छापील रूपात दाखवलेले गणित कागदाशी चिन्हागणिक ताडून पाहा. चूक दिसली तर अॅपच्या कीबोर्डवरून दुरुस्त करा. या गणितात तीन चुका होण्याजोग्या आहेत, आणि प्रत्येक चूक उत्तरात आपली खूण सोडते.

रेघा 1 म्हणून वाचल्या गेल्या तर गणित 9 − 21x − 31 ≥ 1 होते आणि उत्तर येते x ≤ −23/21. असा विचित्र अपूर्णांक दिसला की लगेच शंका येते, त्यामुळे ही चूक त्या मानाने निरुपद्रवी.

रेघा कंस म्हणून वाचल्या गेल्या तर प्रकरण अवघड. 9 − 2(x − 3) ≥ 1 याचे उत्तर x ≤ 7 असे येते. खऱ्या उत्तराचे उजवे टोकही 7 च आहे, म्हणून पुस्तकामागच्या उत्तरावर नुसती नजर टाकणाऱ्याला सगळे ठीक वाटू शकते. इथली खूण म्हणजे एकच टोक. या गणितात केवल मूल्याच्या असमानतेला दोन टोके हवीत. एकच दिसले तर रेघा हरवल्या आहेत.

तिसरी चूक ≥ ऐवजी > वाचले जाण्याची. तेव्हा दोन्ही टोकांचे आकडे बरोबर येतात, पण टोके उत्तरातून वगळली जातात. ही चूक संख्यारेषेवर थेट उतरते.

पायऱ्या हाताने

आधी केवल मूल्य एकटे पाडायचे. दोन्ही बाजूंतून 9 वजा केले की −2|x − 3| ≥ −8. आता −2 ने भागायचे. ऋण संख्येने भागताना चिन्ह उलटते, म्हणून

|x − 3| ≤ 4

इथेच बरेच जण घसरतात. मूळ गणितात ≥ दिसले म्हणून ‘दोन तुकड्यांचे उत्तर’ असे मनाशी ठरवून टाकतात. तुकडे एक की दोन, हे केवल मूल्य एकटे पडल्यावरच्या चिन्हावरून ठरते. |x − 3| म्हणजे संख्यारेषेवर x चे 3 पासूनचे अंतर. ते 4 किंवा त्याहून कमी हवे, म्हणून x हा 3 च्या दोन्ही बाजूंना 4 एककांच्या आत राहतो:

−4 ≤ x − 3 ≤ 4, म्हणजेच −1 ≤ x ≤ 7

आता मूळ असमानतेत तीन किमती घालून पाहा. x = 3 घेतल्यास 9 ≥ 1, खरे. x = 7 घेतल्यास 9 − 8 = 1, म्हणजे 1 ≥ 1, हेही खरे, म्हणून टोक उत्तरात येते. x = 8 घेतल्यास 9 − 10 = −1, आणि −1 ≥ 1 खोटे. चिन्ह उलटायचे विसरला असाल तर x = 3 हीच किंमत चूक पकडून देते, कारण ती खरी ठरूनही तुमच्या उत्तराबाहेर राहते.

संख्यारेषेवर

पट्टीने 12 सेंमी रेषा ओढा, दोन्ही टोकांना बाण करा आणि दर 1 सेंमीवर खूण करून −3 ते 9 लिहा. आधी 3 शोधा. तिथून डावीकडे 4 सेंमी गेले की −1 आणि उजवीकडे 4 सेंमी गेले की 7. दोन्ही ठिकाणी भरीव ठिपके काढा आणि मधला भाग जाड करा. जाड रेघ ठिपक्यांपाशी थांबली पाहिजे, पुढे बाण नको. गणितात > असते तर ठिपक्यांऐवजी पोकळ वर्तुळे आली असती.

अॅप हेच उत्तर [−1, 7] असे अंतरालातही दाखवू शकते. चौकोनी कंस म्हणजे भरीव ठिपका. टोक वगळलेले असेल तर कुठे (−1, 7), कुठे ⟨−1, 7⟩, तर कुठे ]−1, 7[ असे लिहितात. तिन्हींचा अर्थ एकच, पोकळ वर्तुळ.

शंका उरली तर डेस्मॉस किंवा जिओजेब्रासारख्या आलेख काढणाऱ्या अॅपमध्ये या दोन ओळी वेगवेगळ्या टाका:

```
y = 9 - 2*abs(x-3)
y = 1
```

(3, 9) पाशी टोक असलेला उलटा V दिसेल. तो आडव्या रेषेला x = −1 आणि x = 7 ला छेदतो, आणि या दोन बिंदूंच्या मधला भाग रेषेच्या वर आहे. तोच भाग तुमच्या संख्यारेषेवर जाड असायला हवा.

उत्तर दोन तुकड्यांत आले तर

|2x − 5| > 7 मध्ये केवल मूल्य आधीच एकटे आहे आणि चिन्ह > आहे. म्हणून 2x − 5 > 7 किंवा 2x − 5 < −7, म्हणजेच x > 6 किंवा x < −1. संख्यारेषेवर −1 आणि 6 ला पोकळ वर्तुळे काढा, बाहेरच्या दोन्ही बाजू जाड करून त्यांना बाण द्या आणि मधला भाग रिकामा ठेवा. हे 6 < x < −1 असे एका साखळीत लिहू नका. 6 पेक्षा मोठी आणि त्याच वेळी −1 पेक्षा लहान अशी संख्याच नाही.

अॅपने ∅ किंवा x ∈ ℝ दाखवले तर ते बिघडले असे लगेच समजू नका. केवल मूल्य कधीच ऋण नसते, त्यामुळे |x + 2| < −3 ला उकल नाही आणि संख्यारेषा कोरी राहते. |x + 2| > −3 मात्र प्रत्येक संख्येसाठी खरे, म्हणून पूर्ण रेषा जाड. |x − 3| ≤ 0 मध्ये 3 वर एकच भरीव ठिपका येतो, तर |x − 3| > 0 मध्ये 3 वर पोकळ वर्तुळ आणि बाकी सगळी रेषा जाड. पण पुस्तकात उजवीकडे धन संख्या असताना ∅ आले, तर बहुधा अॅपने कुठल्या तरी टेकलेल्या रेघेला वजाचे चिन्ह मानले आहे. अशा वेळी वाचलेले गणित पुन्हा उघडा आणि उजवी बाजू आधी तपासा.